मावशीची छत्री आणि माझा तक्ता

विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे: परदेशी निघालेल्या नातेवाइकांसाठी चलनाचा झटपट तक्ता, दोन्ही बाजूंनी, गोळाबेरीज आकड्यांत. मिनिटं वीस आहेत. त्यातली बरीचशी मावशीच्या छत्रीवर जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

मावशी आणि काका जपानला निघाले. मी हौसेनं तक्ता करून दिला. डावीकडे येन, उजवीकडे रुपये, दशांशानंतर दोन आकडे, चाळीस ओळी. मावशी म्हणाली, "अरे, हे तर लॉगॅरिदमचं पुस्तक झालं!" तरी पर्समध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी तिला घडीची छत्री आवडली, 5000 येनची. तिनं तक्ता काढला आणि 8,620 वाचलं. छत्री परत ठेवली. रात्री फोनवर तक्रार माझ्याकडे: "तुझ्या जपानात छत्री साडेआठ हजाराला!" माझं जपान, बरं का.

झालं काय होतं? मी हिशेबाला 100 येन म्हणजे 58 रुपये धरले होते. म्हणजे छत्री 2,900 ची. पण त्याच कागदावर खाली उलटा तक्ता होता, रुपयांचे येन. 5000 रुपयांचे येन 8,620. मावशीनं ती ओळ वाचली. दोष तिचा नाही, माझा. दोन्ही तक्त्यांत "5000" हा आकडा एकसारखाच दिसत होता, आणि चलनाचं नाव फक्त वर, मथळ्यात, बारीक अक्षरात.

आता गंमत बघा. समजा, एका परकीय नाण्याचे 90 रुपये पडतात. तिथं उलटी ओळ वाचली तर 5000 ची वस्तू पंचावन्न रुपयांना दिसेल, आणि कुणीही हसून पुन्हा बघेल. येनचा भाव एकाच्या जवळपास असल्यामुळे उलटं उत्तरसुद्धा पटण्याजोगं दिसतं. चूक तिप्पट, तरी संशय येत नाही. म्हणून भाव एकाच्या आसपास असेल तिथं दोन तक्ते कधीच एका कागदाच्या एका बाजूला छापू नका. कार्डाच्या एका बाजूला "वस्तूची किंमत येनमध्ये आहे", दुसऱ्या बाजूला "माझ्याकडे रुपये आहेत". आणि प्रत्येक आकड्यापुढे चलन लिहायचं, प्रत्येक. मथळ्यावर विसंबायचं नाही.

(एक सांगायचं राहिलं. काकांनी खिशातली सगळी "चिल्लर" हॉटेलच्या खोलीत टेबलावर सोडली. त्यात 500 येनची नाणी होती. एकेक नाणं जवळपास 290 रुपयांचं! त्यांच्या डोक्यात नाणं म्हणजे सुट्टे पैसे. म्हणून तक्त्याच्या ओळी तिथल्या नोटानाण्यांवरून ठरवायच्या: 100, 500, 1000, 5000, 10,000. 5 येनच्या नाण्यावर तर किंमत अंकांत नसतेच, फक्त जपानी लिपीत. पण ते तीन रुपयांचं, ते जाऊ द्या.)

पाच मिनिटं राहिली असं अध्यक्ष खुणावतायत, आणि गोळाबेरीज तर अजून सुरूच व्हायची आहे. भराभर सांगतो.

किंमत रुपयांत बदलताना भाव वरच्या गोल आकड्यावर न्या. 58 चे 60. म्हणजे 1000 येनचे 600 रुपये, 5000 चे 3,000, 10,000 चे 6,000. साडेतीन टक्के महाग दिसतं, पण खर्च कमी धरला गेला असं होत नाही. रुपयांचे येन करताना उत्तर खालच्या गोल आकड्यावर आणा. 1000 रुपयांचे खरे 1,724, लिहा 1,700. 5000 चे 8,500. हा उलटा भाव मात्र मूळ 58 वरूनच काढायचा, 60 वरून नाही.

काका म्हणाले, "1000 चे 1,700, आणि 1,700 चे परत 1,020? वीस रुपये कुठून आले?" कुठूनही आले नाहीत. दोन्हीकडे आपण सावध बाजूला सरकलो, म्हणून परतीला आकडा जुळत नाही. जुळवायला गेलात की मग पुन्हा दशांश चिन्ह आणि चाळीस ओळी.

भाव कुठला घ्यायचा? बातम्यांत दिसतो तो नाही. बँकेच्या कार्डावरचं शुल्क धरून आपल्याला प्रत्यक्ष पडेल तो, आणि तक्त्यावर त्याची तारीख. येन दीड टक्का महागला की रुपयांचे येन करतानाची सवड संपली, साडेतीन टक्के महागला की येनचे रुपये करतानाचीही; तक्ता नवा करा. आणि पैसे देताना यंत्रानं विचारलं की रुपयांत द्यायचे की येनमध्ये, तर येन. रुपये निवडले तर भाव दुकानाकडचा लागतो, सहसा महागडा, आणि आपल्या तक्त्याचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही.

छत्री? मावशी दुसऱ्या दिवशी परत गेली. तोवर विकली गेली होती.