ओरडून शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही

(अमळनेर येथे ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या घरच्यांसमोर एका श्रवणतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. म्हातारी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, ‘माले ऐकू येस, पन समजत नही.’ घरचे म्हणतात, हे नाटक आहे, हवं तेवढं बरोबर ऐकू येतं. पण त्या माणसाचं म्हणणं अगदी खरं असतं.

वयाबरोबर कानाच्या आतल्या शंखातल्या बारीक पेशी झिजतात, आणि बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. आपल्या बोलण्यात आ, ओ, उ हे स्वर जाड आणि जोरकस असतात, ते पोहोचतात. स, श, त, ख, फ ही व्यंजनं बारीक आणि हलकी, ती गळून पडतात. ‘साठ रुपये’ म्हटलं की ‘आठ रुपये’ ऐकू येतं. म्हणजे आवाज आला, शब्द आला नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. मे महिना आहे, खिडकीत कूलर सुरू आहे, सासूबाई त्याच्यासमोरच्या खाटेवर बसल्या आहेत. सून स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता सांगते, ‘आई, शहाद्याच्या आत्या सोमवारी येताहेत.’ ‘शहादा’तला श आणि ह दोन्ही हलके. कूलरची घरघर नेमकी अशाच अक्षरांना झाकते. त्यात सून पाठमोरी आणि बारा फूट लांब. सासूबाई विचारतात, ‘आता? कोण आलं आता?’ मग सून ओरडते.

ओरडताना जोर स्वरांवर जातो. ‘शहाऽऽद्या’मधला आ दुप्पट होतो, श आहे तिथेच राहतो. ओठ ताणले जातात, त्यामुळे तोंडाकडे पाहूनही अक्षर कळत नाही. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, पण थोडा मोठा झाला की तो एकदम असह्य होतो. म्हणून ‘जरा मोठ्यानं बोल’ म्हणणारी आजी पुढच्याच मिनिटाला ‘ओरडतेस कशाला?’ म्हणते. हा लहरीपणा नाही, त्या कानाची घडणच तशी झालेली असते.

मग चेहऱ्याचा काय उपयोग? मला हा भाग फार विलक्षण वाटतो. ‘पान’ आणि ‘तान’ यांतला फरक अधू कानाला अवघड जातो, पण डोळ्याला सोपा आहे. प म्हणताना ओठ मिटतात, त म्हणताना मिटत नाहीत. उलट ‘बाळ’ आणि ‘माळ’ ओठांवर सारखेच दिसतात, पण म चा नाकातला जाड घुमारा कानाला बऱ्याचदा पोहोचतो. कान जे हरवतो त्यातलं बरंचसं डोळा भरून काढतो. म्हणून उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तुमचा चेहरा काळा दिसतो. उन्हातून आल्यावर तोंडावरचा रुमाल आधी काढा, तोंडात तंबाखू असेल तर थुंकून या.

आता त्याच घरात सुनेनं काय करावं? भाकरी उतरवून खाटेपाशी यावं. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा असं मी सांगणार नाही; बोलण्यापुरता हळू करावा, आणि खाट कायमचीच थोडी बाजूला सरकवावी. टीव्हीचा आवाज मात्र पूर्ण बंद करावा, कारण त्यातलं बोलणं आपल्या बोलण्यात मिसळतं. समोर, तीन फुटांवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसावं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. घरात भिंतींमुळे काहीसा कमी, पण घसा न ताणता मिळतो. आधी ‘आई’ म्हणून हाताला स्पर्श करावा, त्यांची नजर वळली की विषय सांगावा: ‘पाहुण्यांचं सांगते. शहाद्याच्या आत्या येताहेत.’ थांबावं. ‘सोमवारी.’ नेहमीच्या आवाजात, किंचित सावकाश. अक्षरं तोडून बोलू नये, त्यानं ओठांची चाल बिघडते.

नाही कळलं तर एकदाच तेच वाक्य म्हणावं, मग शब्द बदलावेत: ‘तुमच्या नणंदबाई, परवा.’ हरवलेलं अक्षर दहा वेळा म्हटलं तरी हरवलेलंच राहतं. आणि ‘कळलं ना?’ असं विचारू नका, संकोचानं माणूस मान हलवतो. ‘मग कोणती खोली आवरायची त्यांच्यासाठी?’ असं विचारलं की उत्तरातून कळतं. औषधाची वेळ आणि पैशांचा आकडा कागदावर लिहूनच द्या.

कानात यंत्र घातलं तरी हे सगळं लागतंच, कारण यंत्र कूलरची घरघरही वाढवतं. आणि काही वेळा बोलण्याची पद्धत बदलून भागत नाही. मळ साचला असेल तर डॉक्टर तो काढू शकतात. घरी काडी घालू नका. पण एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं, तर ते वयाचं समजून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. त्यावरचा उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वांत उपयोगी पडतो.