रांगेतला तिसरा माणूस आणि विसरभोळं घड्याळ

आधी प्रश्न सांगतो, उत्तर मनातल्या मनात ठरवून ठेवा. एका ऑफिसात दोन काउंटर आहेत. दोन्हींवर एकेक माणूस आधीच उभा आहे, त्यांची कामं चालू आहेत, आणि तुम्ही आत येता. रांगेत दुसरं कोणी नाही. दोनपैकी जो काउंटर आधी रिकामा होईल तिथे तुम्ही जाणार. आता सांगा, या तिघांमध्ये सगळ्यात शेवटी बाहेर पडणारे तुम्ही असाल याची शक्यता किती?

बरेच जण म्हणतात एक तृतीयांश, कारण माणसं तीन. काही जण म्हणतात की आपण उशिरा आलो, म्हणजे जवळपास नक्की आपणच शेवटी. दोन्ही उत्तरांच्या मागे काहीतरी विचार आहे, पण या प्रश्नाचं उत्तर एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून आहे: काउंटरवरचं काम किती वेळ चाललंय हे कळल्यावर, ते अजून किती चालेल याबद्दल आपल्याला काही नवीन कळतं का? आजचा सगळा विषय हाच.

फाशापासून सुरू करू, तिथे सगळं उघड दिसतं. नेहमीचा सहा बाजूंचा फासा टाकत राहायचं, सहा पडेपर्यंत. किती वेळा टाकावा लागेल ती संख्या X म्हणू. पहिल्या n वेळा सहा पडलाच नाही, याची शक्यता सरळ आहे, दर वेळी पाच षष्ठांश, म्हणजे

P(X > n) = (5/6)^n

यालाच जॉमेट्रिक डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आणि सरासरी ६ वेळा टाकावं लागतं. आता समजा तुम्ही १० वेळा टाकून झालाय आणि सहा आलेला नाही. १० वेळा सहा न येण्याची शक्यता साधारण १६ टक्के, म्हणजे फार दुर्मीळ नाही पण रोजचंही नाही. इथे मन म्हणतं, आता तरी यायलाच पाहिजे, इतका वेळ आला नाही म्हणजे जवळ आलाच असणार! पण हिशोब करून बघा. १० वेळा आला नाही हे माहीत असताना अजून n वेळा येणार नाही याची शक्यता म्हणजे (5/6)^(10+n) ला (5/6)^10 ने भागायचं, आणि उरतं काय, तर पुन्हा (5/6)^n. ते १० हिशोबातून पूर्ण निघून गेले.

इथे एक गोष्ट नीट वेगळी ठेवायला हवी, कारण गोंधळ नेमका तिथेच होतो. सरासरी ६ ही 'अजून किती' याची आहे. १० वेळा टाकून झालाय हे माहीत असेल तर एकूण टाकण्यांची सरासरी १६ होते, ६ नाही. एकूण वेळ मागचं सगळं धरून वाढतो, उरलेला वेळ मात्र जिथे होता तिथेच. आणि ते १६ टक्के? ती पहिल्या दहा टाकण्यांची शक्यता होती, ते आता होऊन गेलंय, पुढच्या टाकण्याला त्याचा काही संबंध नाही.

असं सगळीकडे होत नाही हेही लगेच बघून घ्या. सहा चिठ्ठ्या आहेत, एकीवर खूण आहे, एकेक काढायची आणि परत टाकायची नाही. तीन काढल्या, खूण आली नाही, तर पुढची खुणेची असण्याची शक्यता एक तृतीयांश, सुरुवातीला एक षष्ठांश होती. इथे 'आता तरी येईल' हे म्हणणं अगदी बरोबर आहे, कारण प्रत्येक अपयशानं ढीग खरोखर कमी होतो. फाशात काहीच कमी होत नाही, या गुणाला मेमरीलेस म्हणतात.

आता फाशाकडून घड्याळाकडे जाऊ. काउंटरवरचं काम सरासरी ४ मिनिटं म्हणजे २४० सेकंद घेतं असं धरा, आणि अशी कल्पना करा की दर सेकंदाला एक २४० बाजूंचा फासा पडतोय, एक ठरावीक बाजू आली की काम संपलं. चार मिनिटांत काम न संपण्याची शक्यता (239/240)^240, म्हणजे साधारण ०.३६७. सेकंदाऐवजी अजून बारीक तुकडे केले, फाशाच्या बाजू त्याच प्रमाणात वाढवत नेल्या, की हा आकडा e^(-1) म्हणजे ०.३६८ कडे सरकतो आणि तुकडे शून्याकडे नेले की एक्स्पोनेन्शियल डिस्ट्रिब्युशन मिळतं:

P(T > t) = e^(-t/4)

इथे t मिनिटांत. मेमरीलेस गुण जसाच्या तसा टिकतो, कारण घातांकांची बेरीज होते, e^(-(s+t)/4) ला e^(-s/4) ने भागलं की e^(-t/4) उरतं आणि s गायब. उलट दिशेनंही खरं आहे आणि मला स्वतःला हे जास्त आवडतं: उरण्याची शक्यता G(t) असेल तर मेमरीलेस असणं म्हणजे G(s+t) = G(s)G(t), आणि शक्यता कधी वाढत नाही एवढी अट घातली की हे पाळणारी, आणि वाट कधीतरी संपते अशी फलनं फक्त e च्या घातांकातली. म्हणजे सलग वेळेत मेमरीलेस हवं असेल तर एक्स्पोनेन्शियल, आणि १, २, ३ अशा टप्प्यांत हवं असेल तर जॉमेट्रिक, तिसरा पर्याय नाहीच.

निसर्गात याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे किरणोत्सर्गी अणू. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. १६०० वर्षांत निम्मे अणू फुटतात, पण उरलेले निम्मे म्हातारे झालेले नसतात, पुढच्या १६०० वर्षांत त्यांच्यातले पुन्हा निम्मेच फुटतात. आज तयार झालेला अणू आणि हजारो वर्षं टिकलेला अणू यांच्यात फरक करताच येत नाही.

आता काउंटरकडे परत येऊ. दोन्ही काउंटरवरचा वेळ एक्स्पोनेन्शियल आहे, सरासरी ४ मिनिटं. पहिला काउंटर ज्या क्षणी रिकामा झाला त्या क्षणी थांबा आणि चित्र बघा. तुमचं काम आत्ता सुरू होतंय. दुसऱ्या काउंटरवरच्या माणसाचं कधीपासून चालू आहे, पण ते किती वेळ चाललंय याला काही किंमत नाही, त्याचा उरलेला वेळ अगदी तुमच्या वेळेसारखाच, सरासरी ४ मिनिटं. म्हणजे दोघं एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करताय, आणि तुम्ही मागे राहण्याची शक्यता १/२. एक तृतीयांश नाही, आणि नक्कीही नाही. गणितात इंटिग्रल कुठे लागलंच नाही, फक्त योग्य क्षणी थांबलो.

तुम्हाला एकूण किती वेळ लागेल तेही निघतं. दोन काउंटर एकत्र चालू असताना कोणीतरी मोकळं होण्याचा वेग दुप्पट, म्हणून सरासरी २ मिनिटं वाट बघायची आणि मग स्वतःची ४, एकूण ६.

एकांनी विचारलं की दोघं एकाच क्षणी संपले तर काय. सलग वेळेत ती शक्यता शून्य, पण फाशाच्या रूपात ती असते. दोन साधे फासे एकत्र टाकताना निदान एकावर सहा येण्याचे प्रकार ११, त्यात दोन्हींवर येण्याचा १, म्हणून बरोबरी १/११. आपल्या २४० बाजूंच्या फाशाला ती १/४७९ होते. तुकडे जितके बारीक तितकी बरोबरी नाहीशी होत जाते.

अजून एक पाऊल, इथे खरी मजा आहे. एक काउंटर वेगवान, सरासरी २ मिनिटं, आणि दुसरा हळू, सरासरी ६. वेग मिनिटाला १/२ आणि १/६, म्हणून वेगवान आधी रिकामा होण्याची शक्यता १/२ भागिले (१/२ + १/६), म्हणजे ३/४. तसं झालं तर तुम्ही वेगवान काउंटरवर, समोरचा हळू काउंटरवर, आणि तुम्ही शेवटी राहण्याची शक्यता १/४. उरलेल्या १/४ वेळा हळू काउंटर आधी सुटतो, तुम्ही तिथे अडकता आणि शेवटी राहण्याची शक्यता ३/४. बेरीज ३/१६ + ३/१६ = ३/८. अर्ध्यापेक्षा कमी! कारण जो काउंटर आधी सुटतो तो बहुतेकदा वेगवानच असतो. हळू काउंटरवर आधीपासून असलेला माणूस शेवटी राहण्याची शक्यता ९/१६ येते, तुमच्या आधी येऊनही.

आता हे कुठे चालत नाही ते. काम प्रत्येकाला बरोबर ४ मिनिटंच लागत असेल, तर समोरचा आधीपासून उभा आहे, त्याचं तुमच्या आधीच संपणार आणि तुम्हीच शेवटी. म्हणजे 'उशिरा आलो म्हणून मीच शेवटी' म्हणणाऱ्यांचं उत्तर दुसऱ्या मॉडेलमध्ये अगदी बरोबर आहे. एका कामाचे दोन टप्पे असतील, आधी तपासणी मग शिक्का, आणि प्रत्येक टप्पा वेगवेगळा एक्स्पोनेन्शियल असेल, तरी बेरीज मेमरीलेस राहत नाही, कारण बराच वेळ गेला म्हणजे पहिला टप्पा बहुधा संपलाय, एवढी माहिती मिळतेच.

उलट्या बाजूची अडचण जास्त फसवी आहे. समजा कामं दोन प्रकारची आहेत, निम्मी सरासरी २ मिनिटांची, निम्मी सरासरी १० ची, आणि समोरच्याचं कुठलं ते तुम्हाला माहीत नाही. सुरुवातीला अपेक्षा ६ मिनिटांची. १० मिनिटं झाली तरी तो उभाच आहे. छोटं काम इतकं टिकण्याची शक्यता e^(-5), म्हणजे ०.००६७, मोठं टिकण्याची e^(-1), म्हणजे ०.३६८. म्हणून आता काम मोठं असण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या वर आणि उरलेला वेळ सरासरी जवळपास ९.९ मिनिटं. वाट पाहिल्यावर उरलेली वाट वाढली! आतलं प्रत्येक काम अजूनही मेमरीलेसच आहे, बदललंय ते कामाबद्दलचं आपलं ज्ञान. डेटावर एक्स्पोनेन्शियल लावताना लोक इथे फार चुकतात, वेगवेगळ्या प्रकारची कामं एकत्र मिसळतात आणि सरासरी काढून पुढे जातात.

तपासायचं कसं? तुमच्याकडे वेळांची यादी असेल तर २ मिनिटांपेक्षा जास्त लागलेली कामं वेगळी काढा आणि त्यांचे २ मिनिटांनंतरचे उरलेले वेळ घेऊन त्यांची सरासरी काढा, मग ५ साठी, मग ८ साठी तेच करा. सरासरी साधारण तेवढीच राहिली तर मेमरीलेस धरायला हरकत नाही, कमी होत गेली तर टप्पे किंवा ठरावीक वेळ आहे, वाढत गेली तर मिश्रणाचा संशय घ्या. फक्त उजवीकडच्या टोकाला मोजकीच कामं उरतात, तिथली सरासरी खूप उड्या मारते, तिच्यावरून काही ठरवू नका.