गाढ झोपणाऱ्यांचा गजर

नमस्कार श्रोतेहो. फोनवर गजर कसा लावायचा हे तुम्हाला ठाऊक आहेच. गजर वाजतो, सगळं घर जागं होतं आणि ज्याच्यासाठी लावला तोच घोरत राहतो, त्याचं काय करायचं, ते आज बोलू.

भोसरीत राहणारा एक मुलगा चाकणला पहिल्या पाळीला जातो. कंपनीची बस चौकात 5:40 ला येते. त्याने 4:30 पासून दर पाच मिनिटांनी एक, असे नऊ गजर लावले होते. सगळे वाजायचे. आई उठायची, शेजारी खोकायचे, हा मात्र आईने हलवल्यावरच डोळे उघडायचा. फोन बिघडलाय, असं त्याचं म्हणणं.

फोन ठीक होता. गजर पूर्ण वेळ वाजून आपोआप थांबला, तर गूगलचं घड्याळ ‘गजर चुकला’ अशी सूचना ठेवतं. याच्या फोनवर सकाळी तशी एकही सूचना नसायची, म्हणजे गजर कोणीतरी हाताने थांबवत होतं. तो हात त्याचाच होता. फोन उशीखाली असायचा आणि घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये आवाजाची बटणं स्नूझला जोडलेली होती. झोपेत फोन मुठीत आला की बटण दाबलं जायचं.

त्यात भर म्हणजे आवाज हळूहळू वाढण्याची मुदत साठ सेकंदांची होती. हा दहाव्या सेकंदालाच बटण दाबायचा. मोठा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता! नऊही गजर कुजबुजण्याच्या टप्प्यावरच बंद व्हायचे. शिवाय गजराच्या आवाजाची पट्टी अर्ध्यावर होती. हे नीट लक्षात घ्या, पुन्हा सांगते: हळूहळू वाढणारा आवाज त्या पट्टीपर्यंतच चढतो. पट्टी अर्धी असेल तर साठ सेकंद थांबूनही अर्धाच आवाज मिळणार. आणि ही पट्टी फोनच्या रिंगच्या पट्टीहून वेगळी असते.

मग काय बदललं? आठ गजर पुसून एकच ठेवला, 4:55 चा. पट्टी पूर्ण वर, वाढीची मुदत वीस सेकंद. एकदम मोठा आवाज का नको? गाढ झोपेतून दचकून उठलेला माणूस भानावर येण्याआधीच हात मारून गजर बंद करतो. वीस सेकंदांत झोप थोडी पातळ होते, पण आवाज घाबरवत नाही. बटणांचं स्नूझ काढलं आणि फोन दाराजवळच्या स्टुलावर, स्टीलच्या ताटात ठेवला. कंपनाने ताटही वाजतं. (गजराला भूपाळी लावू नका हो. ती शांतपणे ऐकायची गोष्ट आहे, आणि महिनाभरात तिचाच राग येऊ लागतो.)

आता स्नूझ. सॅमसंगच्या घड्याळात किती मिनिटांनी आणि किती वेळा, हे दोन्ही ठरवता येतं. तिथे पाच मिनिटं आणि तीन वेळा निवडा. पहिला आवाज धरून गजर चारदा वाजतो, एवढा हिशोब करून वेळ लावा. गूगलच्या घड्याळात मिनिटं ठरतात, संख्या नाही. म्हणून या मुलाने पाच मिनिटांचं स्नूझ ठेवलं आणि बाथरूमबाहेरच्या फळीवर सेलचं साधं गजराचं घड्याळ 5:05 ला लावलं. त्याला स्नूझच नाही. 4:55, 5:00, मग 5:05 ची घंटा. ती थांबवायला चालत जावंच लागतं. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची आपल्याकडची पद्धत मात्र मला अजिबात पटत नाही. सगळ्यांनाच ते पुढे असल्याचं माहीत असतं, आणि अर्धवट झोपेत वजाबाकी करायची!

एवढं करूनही एका पहाटे फोन वाजलाच नाही. आदल्या रात्री त्याने बेडटाइम मोड सुरू केला होता. तो ठरल्या वेळी डू नॉट डिस्टर्ब लावतो, पडदा करडा करतो. चांगली सोय आहे ही, कारण हा मुलगा बारापर्यंत रिल्स बघत बसायचा आणि पाच तासांच्या झोपेवर कुठलाच गजर पुरा पडत नाही. पण डू नॉट डिस्टर्बच्या अपवादांमधली गजराची परवानगी त्याने बंद केली होती. ती चालू हवी. पुन्हा सांगते: बेडटाइम मोड लावला की अपवादांमध्ये गजर चालू आहे ना, ते पाहा. त्याने मोड रात्री साडेनऊला सुरू आणि पुढच्या गजराला बंद, असा लावला. त्या पहाटे त्याला उठवलं ते सेलच्या घड्याळाने.

पुरेशी झोप होऊनही कोणी असंच उठत नसेल, जोरात घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर सेटिंग्ज बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्यांनी आज दुपारी एक चाचणी करा. बेडटाइम मोड हाताने चालू करा, पंखा रात्रीच्याच वेगावर ठेवा, दोन मिनिटांनंतरचा गजर लावा आणि फोन त्याच्या ठरलेल्या जागी ठेवून अंथरुणावर पडा. पंख्याच्या आवाजात वीस सेकंदांनंतरही गजर स्पष्ट ऐकू आला नाही, तर ट्यून बदला किंवा फोन थोडा जवळ आणा. हाताशी मात्र नको.