दुखणं किती चालेल?

नमस्कार श्रोतेहो. गुडघ्याची झीज सुरू झाली आहे असं कळलं की माणूस आपोआप पाय जपायला लागतो. जिना टाळतो, खुर्चीतून उठताना हातांवर जोर देतो. त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो आणि त्यानं झेलायचा भार सांध्यावर जास्त पडतो. झीज सौम्य असेल, तर व्यायाम करायचा तो याच स्नायूसाठी.

माझ्या मते सुरुवात खुर्चीपासून करावी. हात छातीशी घडी करा, पाय थोडे मागे घ्या, पुढे झुकून उठा आणि तीन आकडे मोजत हळूहळू बसा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया जातो. असं आठ-दहा वेळा करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा करा. अशा दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. जड जात असेल तर बैठकीवर जाड उशी ठेवा. जितकं उंचावरून उठाल तितकं गुडघ्याला सोपं. तेही जमत नसेल तर पाठीवर झोपून, गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचला.

आता दुखण्याचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तर चालतं. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. चोवीस तासांत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. तुलना करायची ती व्यायामाआधीच्या तुमच्याच गुडघ्याशी, शून्याशी नाही.

समजा, एका बाईंचा गुडघा एरवी दोन इतका दुखतो. दहा वेळा उठल्या-बसल्या, दुखणं चारवर गेलं, रात्रीपर्यंत पुन्हा दोनवर आलं. हे ठीक आहे. पुढच्या आठवड्यात हुरूप येऊन त्यांनी उशी काढली आणि दहाचे पंधराही केले. त्या वेळी पाचच वाटलं, म्हणून त्या खूश होत्या. सकाळी मात्र गुडघा सुजलेला, जिना उतरताना सहा. इथे बहुतेक जण व्यायामच सोडून देतात. त्यांनी तसं करू नये. सूज उतरेपर्यंत थांबावं, मग उशी परत ठेवून दहावर यावं. पुढे वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, एकतर वेळा, नाहीतर बसण्याची खोली. दोन्ही एकदम वाढवल्या तर गुडघा कशामुळे चिडला ते कळत नाही.

मांडीचा स्नायू भरून आल्यासारखा दुखला तर घाबरू नका, तो कामाचा थकवा असतो. सांध्याच्या आत टोचल्यासारखं तीव्र दुखलं तर मात्र तिथंच थांबा. गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल, किंवा लाल, गरम होऊन ताप येत असेल, तर या हिशेबात पडू नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि फरक किती दिवसांत पडतो? साधारण सहा ते आठ आठवडे धरा. पहिल्या पंधरवड्यात काही वाटलं नाही, तर तेवढ्यावरून निकाल लावू नका.