पार्किंगमधलं भजन, साडेसात ते नऊ

(दृश्य: डोंबिवली पूर्व, एका सोसायटीचं पार्किंग. खांबावर चिकटवलेला कागद.)

आज एकादशी. बी विंगच्या लिफ्टशेजारच्या खांबावर हा कागद परवापासून लागलाय, ग्रुपवर पण हाच मेसेज दोनदा पडला. तो आधी वाचून दाखवतो.

"एकादशीनिमित्त पार्किंगमध्ये भजन. वेळ संध्याकाळी ७:३० ते ९:००. बसायला सतरंज्या, गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मागे १० खुर्च्या. चार ते नऊ नंबरच्या गाड्या कृपया साडेसहापर्यंत हलवाव्यात. माईक नाही. टाळ दाबून वाजवावेत आणि संपल्यावर गप्पा गेटबाहेर माराव्यात ही विनंती."

शेवटच्या ओळीवर बरेच जण हसतात, पण ती ओळ उगाच आलेली नाही, सांगतो पुढे.

(दृश्य: स्कूटर ढकलत नेणारे काका, फरशीवर झाडू.)

मागच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सेक्रेटरींना गाठलं. मुलगा बारावीला, महिन्यातून दोन एकादश्या, आणि भजनाच्या दिवशी त्याचा अभ्यासच होत नाही म्हणे. मंडळातले लोक चिडले. आम्ही स्पीकर लावतच नाही, दहाच्या आत आटपतो, मग त्रास कसला? त्यांचं पण अगदी चूक नव्हतं. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच २००० सालच्या नियमात राहत्या वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे, ते कुणाला माहीत नसतं. आता समोरासमोर बसून दोन माणसं साधं बोलली तरी साठेक डेसिबल होतात. म्हणजे दहाच्या आत कितीही चालतं असं काही नाहीये.

मग एका एकादशीला मंडळातले एक काका त्या वहिनींच्या घरी जाऊन बसले, मुलाच्याच खोलीत, खाली भजन चालू असताना. ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट झाली. काका सांगतात की अभंगाचा एक शब्द कळत नव्हता, बुवांचा आवाज पण नाही, येत होता फक्त पखवाजाचा धुम आणि टाळांची किणकिण. धुमाचा जाड आवाज खांबातून, स्लॅबमधून वर चढतो, खिडकी लावून त्याचं काही होत नाही. टाळाचा बारीक आवाज मात्र खिडकीतून आणि बाथरूमच्या डक्टमधून येतो. आणि आमचं मंडळ तेव्हा बरोबर डक्टच्या तोंडाशी बसायचं, कारण तिथे पंखा आहे!

(दृश्य: सतरंज्या पसरतायत. एका भिंतीवर जुन्या गोधड्या टांगल्यात.)

पार्किंगचं असं असतं की वर काँक्रीट, खाली फरशी, तीन बाजूंनी भिंती, आवाज नुसता घुमत राहतो. घुमला की गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू येत नाही, मग तो पट्टी सोडून ओरडायला लागतो, त्याचं बघून टाळकरी जोर लावतात, टाळ वाढले की पखवाजवाला पण थाप वाढवतो, आणि पंधरा मिनिटांत सगळे घामाघूम. आम्हाला वाटायचं काय रंगलंय भजन!

म्हणून आधी बसायची जागा बदलली. आता डक्टपासून लांब, गेटकडच्या मोकळ्या बाजूला बसतो. पेटी आणि पखवाज मधोमध, टाळकरी दोन ओळींत समोरासमोर, आणि दोन ओळींत अंतर एवढंच की हात लांब केला तर समोरच्याच्या गुडघ्याला लागेल. पूर्वी ऐसपैस बसायचो, आता जवळ बसल्यामुळे पेटी सगळ्यांना ऐकू येते आणि ओरडायची गरजच पडत नाही. ऐकणारे ओळींच्या मागे सतरंजीवर, आणि खुर्च्या एकदम शेवटी, म्हणजे खाली बसलेल्यांना समोर पाठी दिसत नाहीत. भिंतीवरच्या गोधड्या ही एका आजींची आयडिया. सुरुवातीला लोक हसले, पण घुमणं कमी झालंय हे कुणालाही कळतं.

टाळांचं मात्र पटवायला वेळ लागला. आमच्याकडे बारा जोड्या. कुणी म्हणालं सहाच वाजवूया. पण निम्मे टाळ काढले तरी आवाज तीनच डेसिबलने उतरतो, कानाला जेमतेम कळेल एवढा, आणि सहा जण नाराज होतात ते वेगळंच. त्यापेक्षा टाळ दाबून वाजवला तर काम होतं.

(दृश्य: क्लोजअप. दोन हात, पितळी टाळ.)

हे बघा. टाळ मोकळा वाजवला की किण्ण्ण करून लांबत जातो. तोच वाजवल्या वाजवल्या कडेला बोटं टेकवली की नुसता टिक्. ठेका तेवढाच कळतो पण मागे शेपूट राहत नाही. बारा जणांची बारा शेपटं एकमेकांत अडकली की त्याचाच गोंगाट होतो. गजर चढला की बोटं आपोआप सुटतात, हे खरंय. मग बुवा गाता गाता नुसता हात खाली करतात.

(दृश्य: सव्वासात. पखवाजाला कणीक लावतायत.)

पखवाजाच्या डाव्या बाजूला ही भिजवलेली कणीक लागते, त्याशिवाय धुम निघत नाही. ती लावायची, मग उजवी बाजू हातोडीने ठोकून पेटीच्या पट्टीला मिळवायची, यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. पूर्वी हे सगळं साडेसातला सुरू व्हायचं, म्हणून पहिला अभंग आठला आणि शेवट साडेनऊला. आता पखवाज सव्वासातलाच लावून ठेवतात. आणि मिळवायचा काळी एकला, बुवांच्या गळ्याला. बायकांना ती खाली पडते, त्यांची पट्टी काळी चार-पाच, पण तिथे गेलं की पुरुष ओरडतात. यावर अजून वाद आहे, सध्या खालची पट्टीच चालू आहे. बायकांवर थोडा अन्याय आहे माझ्या मते.

(दृश्य: भजन चालू. भिंतीवरचं घड्याळ.)

साडेसातला जय जय राम कृष्ण हरि, मग रूपाचे अभंग. दीड तास घसरतो तो गौळणीत, कारण तिथे प्रत्येकाची एक आवडती असते आणि अजून एक, अजून एक होतं. म्हणून साडेआठला गौळण, एकच. पावणेनऊला भैरवी. मग पसायदान, आणि नऊला पेटीचा भाता बंद.

(दृश्य: चपला शोधणारे लोक. प्रसादाचे राजगिरा लाडू.)

आता ती शेवटची ओळ. काका त्या दिवशी मुलाच्या खोलीत नऊनंतरही बसून राहिले होते. भजन थांबलं, आणि मग खिडकीखाली चपला, हसणं, "अहो लाडू घेतला का", "उद्या दूधवाल्याला सांगा", गाडीचं किक मारणं, पावणेदहापर्यंत. मुलगा त्यांना म्हणाला, काका, भजनाची सवय झालीय, शब्द कळत नाहीत म्हणून चालतं. हे सगळं कळतं ना, मग लक्ष तिकडेच जातं.

(दृश्य: पखवाजवाले नखाने कणीक खरवडतायत, टाळ फडक्यात गुंडाळले जातायत. कुणी बोलत नाही.)

नऊ वाजून सात मिनिटं. लाडूचा डबा गेटबाहेर नेलाय, माणसं आपोआप त्याच्यामागे गेली.