ऑनलाइन ऑर्डरची फाइल: पार्सल फोडण्याआधी आणि फोडल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो.

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूवरून वाद झाला की ग्राहक म्हणतो, 'मला हे आलंच नाही', आणि विक्रेता म्हणतो, 'आम्ही बरोबरच पाठवलं होतं'. कंपनीच्या तक्रार विभागात बसलेल्या माणसाने तुमचं घर पाहिलेलं नसतं, की ते पार्सल. त्याच्यासमोर असतात फक्त कागद, फोटो आणि व्हिडिओ. म्हणून आज ऑर्डरची फाइल कशी ठेवायची ते पाहू. उदाहरण मोबाइल फोनचं घेते, कारण त्यात वस्तू बदलली जाण्याचा धोका मोठा असतो आणि वस्तूची ओळख पटवण्याची सोयही सगळ्यांत चांगली असते.

समजा, साताऱ्यातल्या एका ताईंनी १७,९९९ रुपयांचा फोन मागवला. खोका उघडला तर आत त्याच कंपनीचा, पण जुना, वापरलेला फोन. आता त्यांना काय सिद्ध करायचंय? नुसतं 'आत जुना फोन होता' एवढंच नाही. हे पार्सल याच ऑर्डरचं आहे, ते बंद अवस्थेत आलं आणि हा जुना फोन त्याच पार्सलमधून निघाला, हे तिन्ही सिद्ध व्हायला हवं. मधला एक दुवा जरी तुटला, तरी समोरच्याला म्हणता येतं, 'हा फोन तुमच्या घरातला कशावरून नाही?' फाइल ठेवायची ती हे दुवे जोडण्यासाठी. बिल, पार्सलवरचं लेबल, खोका आणि वस्तू या चारही ठिकाणचे नंबर एकमेकांशी जुळतात की नाही, हे तिच्यातून दिसलं पाहिजे.

सुरुवात होते ती पैसे भरण्याआधी. विक्रेत्याचं पान नंतर बदलू शकतं. वर्णनातली ओळ जाते, 'दहा दिवसांत परत' याच्या जागी 'फक्त बदलून मिळेल' असं येतं, कधी ते पानच दिसेनासं होतं. म्हणून चार स्क्रीनशॉट घ्या: वस्तूचं नाव, किंमत आणि विक्रेत्याचं नाव एकत्र दिसेल असा एक, तपशिलाचा एक, परतीच्या अटींचा एक आणि शेवटच्या, पैसे भरण्याच्या पानाचा एक. विक्रेत्याचं नाव विशेष महत्त्वाचं. ज्या ॲपवर आपण खरेदी करतो ते बहुतेकदा नुसता बाजार असतो. विकणारा वेगळाच असतो आणि बिलावर त्याचंच नाव येतं.

स्क्रीनशॉट कापू नका. वरच्या पट्टीवरची वेळ राहू द्या. त्या पट्टीवर तारीख नसते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ती चित्राच्या फाइलच्या नावात असते. म्हणून मूळ चित्राचं नाव बदलू नका, हवं तर प्रत काढून तिला सोपं नाव द्या. ॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये पानाचा पत्ताही दिसत नाही. ॲपमधल्या शेअरच्या बटणावरून लिंक कॉपी करून नोंदवहीत चिकटवा. कॉम्प्युटर असेल तर ब्राउझरमधून तेच पान 'प्रिंट' करून पीडीएफ म्हणून साठवा. बहुतेक वेळा त्यावर तारीख आणि पत्ता आपोआप छापून येतो.

आता बिल. ते सहसा माल रवाना झाल्यावर ऑर्डरच्या पानावर दिसू लागतं. दिसलं की त्याच दिवशी पीडीएफ उतरवून घ्या, पुढे वाद चिघळल्यावर ते मिळेलच असं नाही. बिलावर विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि अंक आणि इंग्रजी अक्षरं मिळून पंधरा चिन्हांचा जीएसटी क्रमांक पाहा. त्या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढे नोटीस पाठवायची झाली तर पत्ता लागतो तो हाच. फोनच्या बिलावर पुष्कळदा आयएमईआय क्रमांकही छापलेला असतो. हा त्या एका हँडसेटचा पंधरा अंकी ओळख क्रमांक. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, तेव्हा बिलावर एकच दिसला तर घाबरू नका. खोक्यावरच्या दोनपैकी एकाशी तो जुळला की पुरे.

पार्सल दारात आलं की पहिलं काम हात आवरण्याचं. घरातलं कुणीतरी उत्साहाने कात्री चालवतं आणि पुरावा तिथेच संपतो. टेप कापल्यानंतर सुरू केलेल्या व्हिडिओला फारशी किंमत उरत नाही.

व्हिडिओसाठी दुसरा फोन आणि दुसरा माणूस लागतो. माणूस नसेल तर फोन डब्याला टेकवून उभा करा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसा. ट्यूबलाइटखाली चकचकीत लेबलवर प्रकाश परावर्तित होतो आणि अंक वाचता येत नाहीत. रेकॉर्डिंग सुरू करून आधी ऑर्डरचं पान दाखवा, ज्यावर ऑर्डर क्रमांक आहे. मग पार्सलवरचं लेबल दाखवा, त्यावर कुरिअरचा क्रमांक आणि तुमचं नाव असतं. कॅमेरा एक वीत अंतरावर आणून तीन-चार सेकंद स्थिर धरा, कारण फोकस बसायला तेवढा वेळ लागतो. नंतर पार्सलच्या सहाही बाजू फिरवून दाखवा. टेपवर टेप चिकटवलेली असेल किंवा कोपरा फाटलेला असेल, तर तिथे थांबून बोलून सांगा. स्वयंपाकघरात डिजिटल काटा असेल तर न फोडलेलं पार्सल त्यावर ठेवा. लेबलवर वजन छापलेलं असेल आणि काटा त्यापेक्षा बरंच कमी दाखवत असेल, तर तो तुमच्या बाजूचा चांगला पुरावा आहे.

यानंतर टेप कापा. इथून पुढे वस्तू एक क्षणही चौकटीबाहेर जाता कामा नये. सुरी शोधायला उठलात आणि पार्सल तेवढा वेळ दिसेनासं झालं, तर शंकेला जागा मिळते. सुरी आधीच शेजारी ठेवा. आतल्या खोक्यावरचा आयएमईआय दाखवा, त्याचं सील दाखवा, मग ते फोडा आणि फोन बाहेर काढा. फोन सुरू होत असेल तर डायल करण्याच्या जागी *#06# टाका, म्हणजे स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. लगेच त्या फोनचा खरा आयएमईआय दिसतो. तो आणि खोक्यावरचा क्रमांक एकाच चौकटीत धरा.

हे क्रमांक जुळवण्यातून एक मोठी गोष्ट कळते. बिलावरचा क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांकच वेगळा असेल, तर चूक बहुधा गोदामात, माल भरतानाच झालेली असते. बिल आणि खोका जुळतात पण आतला फोन वेगळा निघतो, तेव्हा कुणीतरी खोका उघडून फोन बदललाय. त्यात बाहेरच्या पार्सलवर दुहेरी टेप असेल, तर संशय वाटेतल्या हाताळणीवर जातो. साताऱ्याच्या ताईंचं प्रकरण दुसऱ्या प्रकारचं. त्यांनी तक्रारीत 'जुना फोन आला' एवढंच न लिहिता 'खोक्यावरचा आयएमईआय बिलाशी जुळतो, फोनमधला जुळत नाही. व्हिडिओत दोन मिनिटं दहा सेकंदांवर पाहा' असं लिहिलं, तर समोरच्याला मोघम उत्तर देणं अवघड जातं.

गडबड दिसली की लोक चिडून रेकॉर्डिंग बंद करतात. तसं करू नका. रिकामा खोका आतून, आतली पॅकिंग, सोबत आलेलं सगळं सामान दाखवून मगच थांबा. मध्ये पॉज करू नका, नंतर कापाकापी करू नका, वर संगीत लावू नका. आणि हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलात तर तो आकुंचन पावतो, अंक पुसट होतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ढगात, म्हणजे क्लाउडवर साठवताना मूळ दर्जाची सेटिंग निवडा. मूळ फाइल फोनमधून उडवू नका.

काही कंपन्या 'ओपन बॉक्स' डिलिव्हरी देतात, म्हणजे पोचवणारा समोरच खोका उघडून दाखवतो. तिथे नियम एकच: वस्तू नीट बघितल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. ओटीपी दिला की 'माल बरोबर मिळाला' अशी नोंद होते.

तक्रार परतीच्या मुदतीत, शक्यतो त्याच दिवशी ॲपमधून करा. फोनवर तोंडी बोलणं झालं तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव लिहून ठेवा. चॅट बंद होण्याआधी तिचे स्क्रीनशॉट घ्या. तक्रार क्रमांक मागून घ्याच. केंद्राच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिनाभरात तक्रार निकाली काढावी, असं बंधन आहे. व्हिडिओ मोठा असल्याने ईमेलला जोडता येत नाही. तो ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या आणि त्यातले तीन-चार स्थिरचित्रं ईमेललाच जोडा. समोरचा माणूस लिंक उघडेल याची खात्री नसते, चित्रं मात्र लगेच दिसतात.

'अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही म्हणून पैसे नाहीत' असं काही विक्रेते सांगतात. या नियमांत व्हिडिओची अट कुठेही नाही. सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तेव्हा व्हिडिओ राहून गेला असेल तरी बिल, लेबल, खोका आणि फोटो घेऊन तक्रार कराच.

वस्तू परत न्यायला माणूस आला, तर दुसरा व्हिडिओ हवा, आणि याच ठिकाणी पुष्कळ जण गाफील राहतात. 'तुम्ही परत पाठवलेला फोन आमचा नाही' असं उत्तर नंतर येऊ शकतं. म्हणून परत देतानाही आयएमईआय, पॅकिंग, वरचं लेबल आणि तो माणूस पार्सल घेतोय, इथपर्यंत सगळं एकसलग चित्रित करा आणि पावती मागा. तोवर मूळ खोका आणि कुरिअरचं लेबल असलेलं वेष्टन टाकू नका.

कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. तिथून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ताईंना त्यासाठी कंपनीच्या शहरात जावं लागत नाही, साताऱ्यातच दाखल करता येतं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. सोबत एक पानाचा घटनाक्रम लावा: कोणत्या तारखेला काय झालं आणि त्याचा पुरावा कोणत्या फाइलमध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, तेव्हा ज्या फोनने व्हिडिओ काढला तो विकण्याची किंवा रिसेट करण्याची घाई करू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. फाइल निदान तेवढा काळ, आणि प्रकरण सुरू असेल तर निकाल लागेपर्यंत, दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.