वीस बाय वीसचं तळं

(दृश्य: जूनचा शेवटचा आठवडा. यवतमाळ जिल्ह्यातलं काळ्या मातीचं वावर. पाऊस कोसळतो आहे.)

निवेदन:

पाऊस आला की माणूस आडोसा शोधतो. या तीन एकर वावराचा मालक मात्र पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन धुऱ्यावर उभा आहे. हातात बांबूच्या खुंट्या आहेत. पाणी जिथून वाहतंय, तिथं तो एकेक खुंटी ठोकत चाललाय.

"पाणी कुठून येते अन् कुठं जाते, हे उन्हाळ्यात कोनालेच समजत नाही, भाऊ. पाऊस पडताना पाहा लागते."

शेततळ्याची जागा अशी ठरते. वरून सपाट दिसणाऱ्या वावरालाही उतार असतो. इथं शंभर मीटरला जेमतेम एक मीटर. पण पाण्याला तेवढा पुरतो. खुंट्या एका रेषेत येत गेल्या आणि खालच्या धुऱ्याच्या आग्नेय कोपऱ्यात एकत्र झाल्या. तळं तिथं. कोपऱ्यापासून नाला पन्नास पावलांवर आहे, आणि तळं नाल्यात घ्यायचं नाही, हेही त्याचं ठरलेलं. नाल्याचा पूर तळं एका पावसाळ्यात गाळानं भरून टाकतो, नाहीतर काठच घेऊन जातो.

माझ्या मामाच्या वावरात हीच चूक उलट्या बाजूनं झाली. पोकलेन आत न्यायला सोपं पडतं म्हणून तळं रस्त्याच्या कडेला खोदलं. ती वावराची उंच बाजू. वावराचं पाणी खाली जायचं आणि तळ्यात फक्त आभाळातून थेट पडलेला पाऊस. चौथ्या वर्षी त्याच्या तळाशी मी एरंडाची झाडं पाहिली.

(दृश्य: एप्रिल महिना. त्याच कोपऱ्यात तीन मीटर खोल खड्डा.)

जागा सापडली म्हणून लगेच खोदायचं नसतं. या कास्तकारानं आधी चाचणी खड्डा घेतला, तळ्याची जेवढी खोली ठरवली होती तेवढाच, तीन मीटर. खड्ड्याच्या भिंतीकडे बघा. वर काळी माती, खाली पिवळसर चिकण माती, आणि अगदी तळाशी मुरमाची पहिली खूण. हाच मुरूम एका मीटरवर लागला असता तर पाणी त्यातून झिरपून गेलं असतं आणि प्लास्टिक न अंथरलेलं साधं तळं इथं टिकलं नसतं. बरड रानात खोदलेलं तळं पोळ्याला भरलेलं दिसतं आणि दसऱ्याला कोरडं पडतं, ते या मुरमामुळं.

डोळ्यांवर विसंबायचं नव्हतं म्हणून त्यानं खड्ड्याच्या तळाशी पाणी भरून काठीला खूण केली. पहिल्या रात्रीचा हिशेब धरायचा नाही, कारण कोरडी माती आधी स्वतः पाणी पिते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी एक सूतही उतरलं नव्हतं. माती धरणारी निघाली, प्लास्टिकचा खर्च वाचला.

(दृश्य: ओसरीवर वही, पेन, चहाचे कप.)

आता आकार किती? गावात बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: तीस बाय तीस. २०१६ साली आलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत तीस बाय तीस बाय तीन मीटर हा सगळ्यात मोठा आकार होता, आणि मोठं ते चांगलं असा समज पसरला. पण तळ्याचं माप वावरात येणाऱ्या पाण्यावरून आणि पिकाच्या तहानेवरून काढायचं असतं.

येणारं पाणी आधी पाहू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं की बाकीचं वहीवर जमतं. या गावासाठी त्यानं चारपैकी तीन वर्षं हमखास पडेल असा पाऊस धरला, ७०० मिलिमीटर. सरासरी धरली नाही, कारण सरासरीवर बेतलेलं तळं जवळजवळ निम्म्या वर्षांत अपुरं भरतं. या पावसातला वाहून येणारा भाग फार थोडा. काळ्या मातीच्या भेगा पहिले पाऊस गिळून टाकतात आणि पुढं पीकही पाणी अडवतं. अशा मंद उताराच्या वावरात साधारण १५ टक्के धरणं शहाणपणाचं. ७०० चे १५ टक्के म्हणजे १०५ मिलिमीटर. तीन एकर म्हणजे १.२ हेक्टर. गुणाकार केला की हंगामाचं १,२६० घनमीटर पाणी निघतं.

तीस बाय तीसच्या तळ्याला, काठांना नीट उतार दिला तर, साधारण १,९७० घनमीटर पाणी लागतं. म्हणजे ते एक तृतीयांश रिकामंच राहणार. आणि भोवतालचा भराव धरून चाळीस बाय चाळीस मीटर जागा, तीन एकरांतले सोळा गुंठे, त्याखाली जाणार. लहान कास्तकाराला सोळा गुंठे कापूस सोडणं परवडत नाही.

मग गरज किती? तळ्याच्या पाण्यावर उन्हाळी पीक घ्यायचं नाही, हे त्यानं आधीच ठरवलं. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसानं वीस-पंचवीस दिवस दडी मारली आणि सोयाबीनच्या शेंगा भरायच्या असल्या, किंवा ऑक्टोबरात पऱ्हाटीला बोंडं धरली आणि जमीन फाटायला लागली, त्या वेळचं एक पाणी. याला संरक्षित ओलित म्हणतात. तुषार संचानं ५० मिलिमीटरचं एक ओलित, १.२ हेक्टरला, म्हणजे ६०० घनमीटर.

वीस बाय वीस बाय तीन मीटरचं तळं, दीडास एक उताराचं, ७४० घनमीटर धरतं. ऑगस्टअखेर भरलेलं पाणी ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबवलं तर दिवसाला पाच मिलिमीटरच्या हिशेबानं तीसेक सेंटिमीटर ऊन खाऊन जातं. थोडा झिरपा, थोडं तळाच्या चिखलात अडकलेलं. उरतात ६०० च्या आसपास. माप जुळलं. आणि सप्टेंबरात उपसून घेतल्यावर परतीच्या पावसानं हात दिला तर तेच तळं दुसऱ्यांदा बरंचसं भरतं, कारण १,२६० पैकी त्यानं अजून ७४० च घेतलेलं असतं.

(दृश्य: तळ्याच्या काठाचा जवळून शॉट. भेगाळलेली माती.)

'दीडास एक' हे शब्द कागदावर क्षुल्लक वाटतात. तीन मीटर खोलीला काठ साडेचार मीटर आत झुकत जायला हवा. खोदणारा बरेचदा एकास एकच उतार देतो, कारण त्यात पाणी जास्त मावल्यासारखं दिसतं. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. उभट काठ दुसऱ्या पावसाळ्यात लादीसारखा सुटून आत बसतो. काठाला समांतर, हातभर अंतरावर बारीक भेग दिसायला लागली तर समजायचं की हा काठ येणार. खोदलेल्या मातीचा ढीग अगदी कडेला टाकला तर त्याच्या वजनानं तो आणखी लवकर येतो. म्हणून इथं काठ आणि भराव यांच्यात एक मीटरची मोकळी पट्टी सोडली आहे.

पाणी आत येतं तिथं आधी एक छोटा खड्डा आहे, तीन मीटर लांब, दोन रुंद, एक खोल. हा गाळ सापळा. वाहती माती इथं बसते आणि दर आठ-पंधरा दिवसांनी फावड्यानं काढता येते. तळ्यात गेलेली माती काढायला मशीन बोलवावं लागतं. आत येणाऱ्या तोंडाला दगड रचलेत, आणि जास्तीच्या पाण्याला समोरच्या बाजूनं, भरावापेक्षा बरंच खाली, दगडी सांडवा दिलाय.

(दृश्य: सांडव्याचं पाणी नाल्याकडे जाताना. पुढं सिमेंट बांध.)

सांडव्यातून सुटलेलं पाणी नाल्यात जातं, आणि नाल्यावर गावाचा सिमेंट नाला बांध आहे. तळ्यासाठी मुरूम वैरी होता, इथं तोच कामाचा. बांधामागचं पाणी मुरमातून झिरपून काठच्या विहिरींत उतरावं, हाच बांधाचा हेतू.

बांधाची जागा निवडताना गावकऱ्यांनी नाल्यात पारदर्शक नळीत पाणी भरून दोन ठिकाणांचा उतार मोजला. वरच्या जागी शंभर मीटरला एक मीटर, खालच्या जागी अर्धा. दीड मीटर उंचीची भिंत घातली तर वरच्या जागी पाणी मागं १५० मीटर पसरतं, खालच्या जागी ३००. नाला दहा मीटर रुंद. पाण्याचा आकार पाचरीसारखा, म्हणून गुणाकाराच्या निम्मं धरायचं: वर १,१२५ घनमीटर, खाली २,२५०. भिंत तीच, सिमेंट तेवढंच, पाणी दुप्पट.

भिंत मात्र वाटेल तेवढी उंच करता येत नाही. वरचं पाणलोट ४० हेक्टर आहे. तासाला ९० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस कोसळला आणि त्यातला ४० टक्के वाहिला, तर सेकंदाला ४ घनमीटर पाणी बांधावरून जाणार. आठ मीटर लांबीच्या सांडव्यावर त्याची धार सुमारे ४५ सेंटिमीटर जाड होते. दीड मीटर भिंत, त्यावर ही धार, त्यावर अर्धा मीटर मोकळा काठ. बेरीज अडीच मीटरच्या आत बसली. नाल्याचे काठ इथं बरोबर अडीच मीटर उंच आहेत. भिंत अर्धा मीटर वाढवली असती तर मोकळा काठ उरलाच नसता, आणि पूर जरा वाढला तरी काठावरून वावरात शिरला असता.

बांध पडतो तो बहुधा मधून फुटून नाही. पाणी बगल मारतं. भिंतीचं टोक काठात पुरेसं आत घुसवलेलं नसलं की पूर तिथली माती खरडतो, आणि एका पावसाळ्यात नाला भिंतीला वळसा घालून वाहायला लागतो. पुरानंतर भिंतीच्या दोन्ही टोकांशी जाऊन बघायचं: ताजी, उभी कापलेली माती दिसली तर दगड-माती टाकायला तेवढेच दिवस हातात असतात. दुसरी जागा भिंतीच्या खालच्या अंगाला. पडणारं पाणी तिथं डबरा करतं आणि पाया उघडा पाडतं. इथं पाया पक्क्या मुरमापर्यंत नेलाय आणि खाली दगडी फरशी घातलीय.

(दृश्य: नोव्हेंबर. बांधापासून थोड्या अंतरावरची विहीर. दोराला गाठी मारलेल्या आहेत.)

विहीर शेजाऱ्याची आहे. त्याच्या घरची मुलगी दर पंधरवड्याला दोर सोडते, ओल्या गाठी मोजते आणि आकडा पंपघराच्या भिंतीवर खडूनं लिहिते. बांध होण्याआधीची रांग वर आहे, नंतरची खाली.

"यंदा पाऊस कमी होता," ती सांगते, "तरी दिवाळीले दोन गाठी जास्त ओल्या निघाल्या."

वरच्या वावरात तुषार संच सुरू आहे. तळ्यातलं पाणी तळाच्या चिखलाच्या वर हातभर उरलंय, आणि हरभऱ्याला आणखी अर्धं ओलित होईल की नाही, हे कास्तकार काठी बुडवून बघतो आहे.